खात्याचा कान

१

सात महिने आणि चार दिवसांनी मी कामावर परत गेले तेव्हा दाराने मला ओळखलं नाही. माझं कार्ड मध्यंतरी बंद झालं होतं. दोनदा लावून पाहिलं, दोनदा लाल दिवा. शेवटी आतून मावशी आल्या, आमच्या खात्याची नोंदणी सांभाळतात त्या, आणि त्यांनी दार उघडलं.

"अगं बाई, तू! आज होय?" म्हणाल्या. मग लगेच, "बरी दिसतेस हो."

पुढच्या तासाभरात हे वाक्य मी सहा जणांकडून ऐकलं. आजाऱ्याला भेटायला येणारे म्हणतात तेच, फक्त आता मी उभी होते. त्यातले दोघं काही बोलून निघूनही गेले असावेत, कारण मी वळले तेव्हा त्यांची पाठ दिसली. ते माझ्या डाव्या बाजूने आले होते. डाव्या कानाने मला काहीच ऐकू येत नाही. त्यात एक बारीक शिट्टी मात्र चोवीस तास वाजते, चहाचं आधण दूरच्या घरात ठेवल्यासारखी.

मी कान तपासते. इस्पितळाच्या तळमजल्यावर आमचं खातं आहे: बाहेर बाकं, आत यंत्राची खोली, आणि तिच्या पोटात आणखी एक लहान खोली, जाड भिंतींची, दुहेरी दाराची, जिच्यात बाहेरचा आवाज जात नाही. आम्ही तिला 'पेटी' म्हणतो. पेशंट पेटीत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी काचेच्या अलीकडे बसून एकेक सूर सोडते, आधी मोठा, मग हळू, आणखी हळू. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. माझ्या यंत्रावर दिवा लागतो. ज्या पातळीला दिवा लागायचा थांबतो, तिथे त्याचं ऐकणं संपतं; आकडा जितका लहान, तितका कान चांगला. त्याचा आलेख काढायचा, एवढंच काम. सोपं वाटतं. बावीस वर्षांनीही मला ते सोपं वाटत नव्हतं, आणि तरी ते मला चांगलं येत होतं.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी यंत्राचीही परीक्षा होते. ज्याचं ऐकणं पक्कं माहीत आहे अशा एका माणसाने पेटीत बसायचं, आणि त्याचे आकडे ठरलेल्या आकड्यांशी जुळवून पाहायचे. पाचाचा फरक चालतो, दहाचा चालत नाही. दहाचा पडला तर यंत्र बिघडलं. आमच्या खात्यात तो माणूस मी होते. पेटीत शिरण्याआधी हातातलं घड्याळ काढून बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायची, कारण आत त्याची टिकटिकसुद्धा मोठी वाटते. बाहेर आले की ते डाव्या कानाशी धरायची, आवाज परत मिळाल्याची खात्री म्हणून, आणि मग मनगटावर बांधायची. सगळे हसायचे. डॉक्टर मला 'खात्याचा कान' म्हणायचे.

म्हणूनच गाठ सापडायला उशीर झाला. गेल्या वर्षी माझ्या डाव्या बाजूचे वरच्या सुरांचे आकडे वाढायला लागले, दहाने, मग पंधराने. मी तीन आठवडे यंत्राला दोष दिला. हेडफोन बदलले, वायर बदलली, दुरुस्तीवाल्याला दोनदा बोलावून त्याच्याशी वाद घातला. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, यंत्र ठीक आहे हो." मी त्याला मूर्खात काढलं. दुसऱ्या कुणाचा कान असा घसरला असता तर मी पहिल्याच दिवशी त्याला स्कॅनला पाठवलं असतं. नसेवर गाठ होती. काढली. नस तिच्याबरोबर गेली.

फिटनेसच्या कागदावर सर्जनने लिहिलं होतं: सहा आठवडे अर्धा दिवस, मग खातेप्रमुखांनी ठरवावं. ठरवावं म्हणजे काय ते डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी केबिनमध्ये सांगितलं. माणूस सरळ आहे.

"हे बघा, सहा आठवड्यांनी मी शेजारी बसून तुमचं काम पाहणार. जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर रेकॉर्डला जागा आहे. पगार तोच."

रेकॉर्ड म्हणजे मागच्या जिन्याखालची खोली आणि बावीस वर्षांच्या फायली, बहुतेक माझ्याच अक्षरातल्या. मी म्हटलं, "जमेल, डॉक्टर." कागदावर सही करताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

२

माझी खुर्ची कुणीतरी खाली केली होती. कप सापडला नाही. या गोष्टी होणारच, मी मनाशी म्हटलं, सात महिने घर बंद ठेवलं तरी उंदीर भांडी हलवतात.

माझ्या जागी धाकटी होती. तिला सगळे धाकटीच म्हणतात, खात्यात शेवटी आली म्हणून. मी तिला शिकवलं होतं. हुशार, हाताला हलकी, पेशंटशी गोड. मला पाहून ती उठली, खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, "ताई, बसा ना तुम्ही." आणि काचेकडे पाहिलं. पेटी रिकामी होती.

मला दुपारपर्यंतचं काम दिलं नव्हतं. 'आज नुसतं बघा' असं ठरलं होतं, माझ्याशी न बोलताच. नुसतं बघणारीने काय करायचं? मी रोजच्या तपासणीची वही उघडली.

प्रत्येक दिवसाची एक ओळ असते. तारीख, उजव्याचे आकडे, डाव्याचे आकडे, तपासणाऱ्याची सही, आणि शेवटी 'कान कोणाचा' असा रकाना. मी रजेवर गेले त्यानंतरचे काही दिवस कोरे होते. मग धाकटीची सही सुरू झाली. शेवटच्या रकान्यात तिने रोज लिहिलं होतं: ताई.

खाली मागच्या शुक्रवारपर्यंत. ताई, ताई, ताई.

आकडे माझे होते. गाठ यायच्या आधीचे. दोन्ही बाजूंचे.

"हे काय गं?" मी विचारलं.

धाकटीचे कान लाल झाले. "ते... तुमचेच जुने आकडे उतरवले, ताई. सकाळी मी एकटीच असते. पेटीत बसू की यंत्र चालवू? वही कोरी दिसली असती तर वरून विचारलं असतं."

मला राग आला आणि सुटल्यासारखंही वाटलं. खोटी नोंद. वाईट, पण समजण्याजोगी. तिला चार शब्द सुनावले. तिने मान खाली घालून ऐकून घेतले, जरा जास्तच आनंदाने.

घरी जायला निघाले तेव्हा बसमध्ये लक्षात आलं. उतरवलेले आकडे सारखेच्या सारखे असतात. ते तसे नव्हते. कुठे पाच वर, कुठे पाच खाली. एका पंधरवड्यात डावी बाजू जराशी उतरून पुन्हा सावरलेली, थंडीत मला सर्दी झाली की उतरायची तशी. आळसाने खोटं लिहिणारा माणूस इतकी मेहनत घेत नाही.

३

दुसऱ्या आठवड्यात मला पेशंट दिले. पहिले तीन नीट झाले. चौथे एक निवृत्त शिक्षक होते, लहानपणी गालगुंडांनी एक कान गेलेले. स्वतःच सांगत होते, "हा कान शोभेचा आहे, बाई."

मी त्या कानात सूर सोडले. पन्नासला दिवा लागला. पंचावन्नला पुढचा. मी खुणा करत गेले. मेलेल्या कानाचा छान आलेख काढला.

ज्याला हे काम माहीत नाही त्याला सांगते. मोठा सूर कवटीतून पलीकडे जातो आणि चांगला कान तो ऐकतो. पेशंट प्रामाणिकपणे बटण दाबतो, आणि दिसतं असं की मेलेला कान थोडा जिवंत आहे. म्हणून चांगल्या कानात आधी खरखर सोडून त्याला गुंतवायचं असतं. हे पहिल्या वर्षात शिकवतात. मी शिकवलं आहे. आणि ज्या बाईच्या स्वतःच्या डोक्यात एक मेलेला कान आहे, ती हे विसरली.

धाकटी मागे उभी होती, डावीकडे, म्हणून मला कळलं नाही. तिचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि तिने खरखरीचं बटण चालू केलं. दिवा लागायचा बंद झाला. मी खोडरबर घेतलं. आलेखावरच्या खुणा पुसताना कागद फाटला.

डॉक्टर दारात होते. किती वेळचे, कोण जाणे.

त्या दिवशी डबा खायला खोलीत शिरले तर गप्पा थांबल्या. थांबल्या हे मला डोळ्यांनी कळलं. मावशींनी सरकून जागा केली. "खा बाई, खा. अंगात ताकद नको का?" सगळे मोठ्याने आणि सावकाश बोलत होते. मग हळूच धाकटी मावशींना काहीतरी म्हणाली. मला त्यातलं एकच ऐकू आलं: "त्यापेक्षा ती बरी."

ती कोण, असं विचारायला तोंड उघडलं होतं. घास घातला.

४

चौथ्या आठवड्यात एक दिवस मी लवकर गेले. माझी वेळ दहाची. नऊ वाजता गेले, कारण गाठ काढल्यापासून तोल जातो, आणि जिन्यावर तो सावरताना कुणी पाहणारं नसलं की बरं पडतं. भिंतीला हात लावत यंत्राच्या खोलीपर्यंत आले.

दार अर्धं उघडं होतं. धाकटी यंत्रापाशी बसली होती, पाठ माझ्याकडे. पेटीतला दिवा चालू. काचेतून खुर्ची दिसत होती. खुर्चीच्या पाठीवर हेडफोन चढवलेले होते, बटण बैठकीवर ठेवलेलं. खुर्ची रिकामी होती.

धाकटीने सूर सोडला. यंत्रावरचा दिवा लागला.

सूर कमी केला. दिवा लागला. आणखी कमी. दिवा. आणखी. थोडा उशीर झाला, काठावरचा सूर ऐकताना माणसाला होतो तेवढा, आणि दिवा लागला. मग लागला नाही. तिने आकडा लिहिला.

ती अगदी शांतपणे काम करत होती, पेरूवाला पेरू तोलतो तशी. मला भीती वाटली ती तिच्या त्या शांतपणाची.

"वायर शॉर्ट आहे," मी म्हटलं.

ती दचकली, पण ओरडली नाही. खुर्ची फिरवून माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले.

"बदलली, ताई. दोनदा. पहिल्यांदा चुकूनच झालं. तुम्ही गेल्यावर एक दिवस दिवे लागतात का बघायला सूर सोडला, तर उत्तर आलं. आकडे घेतले. मग तुमच्या आकड्यांशी लावून पाहिले. नंतर रोजच बरोबर येत गेलं. एक दिवस चुकलं नाही. एकदा खरंच हेडफोन बिघडला, तर तिनेच पकडला."

"तिने?"

"मग काय म्हणू, ताई?"

"कुणाला माहीत आहे?"

"मावशींना. त्या म्हणाल्या, काम होतंय ना, मग गप्प बस." ती नाक पुसत होती. "मला वाटलं, तुम्ही आलात की थांबेल."

५

मी बुद्धीने चालणारी बाई आहे. धाकटीला चहाला पाठवलं आणि स्वतः बसले.

आधी सूर न सोडता पाच मिनिटं थांबले. बिघडलेलं बटण आपोआप दिवा लावतं. लागला नाही. मग एकसारख्या अंतराने सूर सोडले आणि मध्येच एक गाळला. अंदाजाने दाबणारा इथे फसतो. फसलं नाही. आत जाऊन हेडफोनची वायर भिंतीतून उपटली, बाहेर येऊन सूर सोडला. दिवा नाही. वायर लावली. दिवा. म्हणजे जे ऐकत होतं ते हेडफोनमधूनच ऐकत होतं. हे समजल्यावर वास्तविक मी उठून जायला हवं होतं. पण पेशंट समोर असला की आलेख पुरा करायचा, ही हाताची सवय.

उजवा पुरा केला. मग डावा. डाव्याच्या वेळी उजव्यात खरखर सोडली, न विसरता. डावा कान सुंदर होता. पाच, पाच, शून्य, पाच, दहा. असा कान पेशंटमध्ये पाहिला की मी म्हणायची, जपा हो याला. मी पेन्सिल खाली ठेवली आणि रडले. भीतीने नाही. एवढी वर्षं तो माझ्यापाशी होता आणि मी तो घड्याळ ऐकायला वापरला.

आलेखानंतर शब्दांची परीक्षा असते. मी माइकमध्ये शब्द म्हणायचा, पेशंटने तो परत म्हणायचा. पेटीतला आवाज माझ्या कानातल्या छोट्या फोनमध्ये येतो. तो मी आता उजव्या कानात घालते.

"म्हणा, खिडकी," मी म्हटलं.

काही नाही. पेटीत असते तशी दाट शांतता.

"म्हणा, वाळू."

काही नाही. मला हसू आलं, जरासं. मी फोन उजव्या कानातून काढला. आणि का ते ठाऊक नाही, डाव्यात घातला.

शिट्टी थांबली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

त्या मेलेल्या कानात कुणीतरी श्वास घेतला, शब्द म्हणायच्या आधी पेशंट घेतो तसा. मग माझा आवाज म्हणाला, "वाळू." आजारापूर्वीचा, भरलेला, जराही न चाचरणारा.

मी पुढचा शब्द म्हटला नव्हता. तरी तो आवाज पुढे म्हणाला, "दार."

आमच्या यादीत वाळूनंतर दारच आहे.

६

घरी कुणाला सांगणार? नवरा आणि मी दोघंच. आम्ही पलंगावरच्या जागा बदलल्या आहेत, तो आता उजवीकडे झोपतो. पण झोपेत कूस बदलून तो कधीकधी जुन्या बाजूला येतो आणि माझ्या डाव्या कानाशी काहीतरी बोलतो. सकाळी विचारलं की म्हणतो, "काही नाही गं, असंच." इतक्या महिन्यांत त्याने तिथे काय काय म्हटलं, ते मला कधीच कळणार नाही.

त्या संध्याकाळी तो भाजी निवडत होता. मी म्हटलं, "मला नाही जमलं तर?"

"जमेल की. दोन आठवडे राहिलेत. पूर्वीसारखी झालीस की सगळं जागेवर येईल."

"पूर्वीसारखी नाही झाले तर?"

तो निवडायचा थांबला. चांगला माणूस आहे, खोटं बोलायला त्याला वेळ लागतो. "असं काय बोलतेस?" म्हणाला, आणि पुन्हा निवडायला लागला.

मी विचार केला. सगळेच तिची वाट पाहत होते. डॉक्टर, धाकटी, मावशी, हा. मीसुद्धा. फरक एवढाच, की ती कुठे बसली आहे ते मला माहीत होतं. आणि मला ती जागा तिला द्यायची नव्हती. एका कानाचा का होईना, पण मी स्वतः दाबेन तेव्हाच दिवा लागावा, इतकंच मला हवं होतं.

७

सहावा आठवडा. डॉक्टर शेजारी बसले. मी सकाळभर चार पेशंट तपासले, एकही चूक नाही. खरखर वेळेवर, बोलणं बरोबर, कागद स्वच्छ. डॉक्टरांनी दोनदा मान हलवली. मग मी स्वतःहूनच म्हटलं.

"डॉक्टर, रोजच्या तपासणीला माझे जुने आकडे वापरू नका. माझे नव्याने काढा."

"पण तुमचा डावा..."

"डावा बंद आहे. तिथे 'उत्तर नाही' लिहू. यंत्राला चांगला कान लागत नाही, माहीत असलेला लागतो. डावा हेडफोन मी उजव्या कानावर फिरवून तपासेन."

ते हसले, सहा आठवड्यांत पहिल्यांदा. "हे मला सुचायला हवं होतं. बसा. धाकटी, घे त्यांचे आकडे. हे झालं की मी सही करतो."

धाकटी माझ्याकडे पाहत होती. मी तिच्या खांद्याला हात लावला. मावशीही दारात येऊन उभ्या राहिल्या. मी घड्याळ काढलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि पेटीत गेले. पहिलं दार, दुसरं दार. खुर्ची गार होती, मला बरं वाटलं. हेडफोन घातले, बटण हातात घेतलं. काचेतून तिघं दिसत होते.

उजवा कान. सूर आला, मी दाबलं. हळू आला, दाबलं. काठापर्यंत गेले. हे मला येतं, मला वाटलं, हे सगळं मला अजून येतं.

मग उजव्यात खरखर सुरू झाली, पत्र्यावरच्या पावसासारखी. म्हणजे डावा सुरू झाला. मला काही ऐकू येत नव्हतं, यायचं नव्हतं. चुकूनही बोट लागू नये म्हणून मी बटण भिंतीवरच्या हुकाला अडकवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. काचेतून धाकटीचा हात सूर सोडताना दिसत होता. ती लिहीत होती. बराच वेळ लिहीत होती. 'उत्तर नाही' लिहायला एवढा वेळ लागत नाही.

माझ्या लक्षात आलं, शिट्टी बंद आहे.

खरखर थांबली. उजव्या कानात धाकटीचा आवाज आला, ओला, हसरा. "झालं, ताई. या बाहेर."

हेडफोन काढले, खुर्चीवर ठेवले. आतलं दार, बाहेरचं दार. सवयीने दार मागे ओढून घट्ट लावलं आणि बिजागरीच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिले, तोल सावरायला.

तिघंही काचेकडे पाहत होते. डॉक्टरांच्या हातात आलेख होता. "पाच, पाच, शून्य," ते म्हणाले. "अहो, हा तर पूर्वीसारखाच. मला नाही वाटलं असं होईल." त्यांनी खिशातून पेन काढलं. मावशी पदराने डोळे पुसत होत्या. इतकं मोकळं हसणं मी आल्यापासून त्या खोलीत ऐकलं नव्हतं.

"ते आकडे माझे नाहीत," मी म्हटलं.

कुणी वळलं नाही.

"डॉक्टर, मी बटण दाबलंच नाही. मी इथे आहे."

मी धाकटीच्या डावीकडे उभी होते, हातभर अंतरावर. तिला दोन्ही कान आहेत. तिने पुढे वाकून माइकचं बटण दाबलं.

"ताई, झालं म्हटलं. किती वेळ बसणार?" आणि ती हसली. "या ना आता. सगळे थांबलेत."

आत, आतल्या दाराची खिटी फिरली. मग माझ्या शेजारच्या दाराची. दार बाहेर उघडलं आणि मी त्याच्या मागे झाकली गेले. फटीतून मला फक्त धाकटी दिसत होती. तिने ट्रेमधलं माझं घड्याळ उचललं आणि पुढे धरलं.

दाराच्या कडेने एक हात आला, माझ्यापेक्षा जरा भरलेला, आणि त्याने ते घेतलं. मनगटावर बांधलं नाही. आधी वर नेलं, डाव्या कानाशी.

"ही सवय काही गेली नाही बघा," मावशी म्हणाल्या, आणि सगळे हसले.